पुन्हा परत एकदा

‘माझ्या स्वतःच्या वैयक्तिक मतानुसार मला असं वाटतं की...’ या वाक्यात वक्त्यानं आपली चार वेळा ओळख करून दिली आहे. मत अजून यायचं आहे. ते आलं की बहुतेक वेळा ‘पाऊस कमी झाला’ एवढंच असतं.

मत माझं असेल तर ते वैयक्तिकच असणार, आणि मला वाटतं म्हटल्यावर ते माझंच झालं. चारातला कुठलाही एक शब्द ठेवा, तीन घरी पाठवा. पण थांबा, ‘वैयक्तिक मत’ हा शब्दप्रयोग सरसकट हद्दपार करता येणार नाही. महाराष्ट्राच्या राजकारणात त्याला पूर्णवेळ नोकरी आहे. एखादा नेता सकाळी काहीतरी बोलून जातो आणि दुपारी त्याच्याच पक्षाचा प्रवक्ता म्हणतो, ‘ते त्यांचं वैयक्तिक मत आहे.’ इथे ‘वैयक्तिक’ काढून बघा. वाक्य कोसळतं, प्रवक्ताही कोसळतो. कारण त्या शब्दासमोर त्याचा विरोधी उभा आहे: पक्षाचं मत. न्यायाधीश, कुलगुरू, संपादक यांची दोन मतं असू शकतात, एक खुर्चीचं आणि एक स्वतःचं. तुमच्या-माझ्याकडे खुर्ची नाही. आपलं एकच मत, तेही घरात कुणी विचारत नाही.

म्हणजे फालतू शब्द ओळखायची कसोटी हाताशी आली. संशयित विशेषणाच्या जागी त्याचा विरुद्ध शब्द ठेवायचा. अर्थ लागला तर विशेषण कामाचं, हसू आलं तर बिनकामाचं. ‘शेवटची अंतिम तारीख’ म्हणणाऱ्याला विचारा, पहिली अंतिम तारीख कधी होती? ‘आगाऊ पूर्वनियोजन’ करणाऱ्याला विचारा, नंतरचं पूर्वनियोजन कसं करतात? ‘गाईचं गोमूत्र’ यावर शाळेपासून हसत आलोय, कारण म्हशीचं गोमूत्र निघत नाही. त्याच्याच शेजारी शाळेत ‘पिवळा पितांबर’ उभा केलेला असायचा. त्याच्यावर मात्र जरा अन्याय झालाय. पीत म्हणजे पिवळा हे खरं, पण पूजेला नेसायचं रेशमी वस्त्र या अर्थानं पितांबर इतका रुळला, की दुकानात लाल पितांबरही मिळतो. लाल मिळतो म्हटल्यावर पिवळा हवा असेल तर पिवळा म्हणावंच लागणार.

‘पुन्हा परत’चंही तसंच. इंग्रजीतलं ‘रिटर्न बॅक’ सरळ गुन्हेगार आहे, कारण रिटर्न म्हणजेच मागे येणं. आपल्याकडच्या कचेऱ्यांत त्याचा धाकटा भाऊ असतो, ‘मी तुम्हाला रिव्हर्ट बॅक करतो’. तो रिव्हर्टही करत नाही आणि बॅकही करत नाही, हा भाग वेगळा. पण मराठीतला ‘परत’ दोन घरचा पाहुणा आहे. ‘परत आला’ म्हणजे माघारी आला, आणि ‘परत आला’ म्हणजे पुन्हा एकदा आला. पुण्याला गेलेला भाऊ माघारी आला, चार दिवस राहून परत गेला आणि महिन्यानं पुन्हा परत आला, तर या वाक्यात दोन्ही शब्द पगार घेण्याइतकं काम करतात. ‘पुन्हा परत तेच सांगतो’ म्हणणाऱ्याचं मात्र काही खरं नाही.

असे जोडशब्द का साचतात? पहिलं कारण निरुपद्रवी आहे. एका शब्दाचा अर्थ झिजला की बोलणारा त्याला ओळखीचा सोबती देतो. एटीएममधला ‘एम’ म्हणजेच मशीन, हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून ‘एटीएम मशीन’. ‘पिन नंबर’मध्येही नंबर दोनदा. इंग्रजीला हसण्याआधी संस्कृतकडे बघा. ‘श्रेष्ठ’ या शब्दातच ‘सर्वांत चांगला’ हा अर्थ आहे. त्याला ‘तम’ लावला की ‘श्रेष्ठतम’, वर ‘सर्व’ चढवला की ‘सर्वश्रेष्ठतम’, म्हणजे तीन मजली शिखर. सत्कार समारंभात हा शब्द शालीबरोबर फुकट मिळतो. शुद्धलेखनाचे सैनिक ‘श्रेष्ठतम’ही चूक ठरवतात. त्यांनी जरा सबुरीनं घ्यावं, तो शब्द यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात आहे.

आणि कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत, रीतिरिवाज? यांत तर एक शब्द फारसी-अरबीकडचा, दुसरा संस्कृतकडचा आणि अर्थ जवळजवळ तोच. पूर्वी दोन भाषांची माणसं एकाच दरबारात आणि एकाच बाजारात वावरत होती, त्या वावराची ही खूण. इंग्रजांच्या कायद्यातही अशा जोड्या भरल्या आहेत, कारण १०६६ नंतर तिथे राज्यकर्त्यांची फ्रेंच आणि रयतेची इंग्रजी शेजारी शेजारी नांदल्या. आज कागदपत्रातून ‘पत्र’ काढलं तर नुसता कागद उरेल आणि तलाठी तो घेणार नाही. जोडी एकजीव होऊन नवा अर्थ देते तेव्हा कात्री खिशात ठेवायची.

कात्री काढायची ती नोटिशीसमोर. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागलेली ही एक:

‘सर्व सन्माननीय सभासदांना या सूचनेद्वारे सूचित करण्यात येते की, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या साफसफाईच्या स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येणार असल्याकारणामुळे उद्या मंगळवार दिनांक १४ ऑक्टोबर रोजी सकाळी १० वाजल्यापासून ते दुपारी ४ वाजेपर्यंतच्या कालावधीदरम्यान पाणीपुरवठा पूर्णपणे बंद ठेवण्यात येईल. तरी सर्वांनी आगाऊ पूर्वनियोजन करून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’

शब्द ४८. पाणी बंद आहे हे ३५ शब्द ओलांडल्यावर कळतं, तोवर लिफ्ट येते आणि माणूस निघून जातो. आता एकेक सोडवू. सूचनेद्वारे सूचितच करतात, अंघोळ घालत नाहीत, त्यामुळे ‘की’पर्यंतचं सगळं उडालं. सफाई म्हणजेच स्वच्छता. ‘असल्याकारणामुळे’मध्ये ‘कारण’ आणि ‘मुळे’ एकाच खुर्चीवर बसले आहेत. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ म्हटलं की मध्ये कालावधीच असतो, मग त्याला ‘दरम्यान’ची शेपटी कशाला? ‘उद्या’ तर घातकच. नोटीस फळ्यावर तीन दिवस राहते आणि प्रत्येक वाचणाऱ्याचा उद्या वेगळा.

पण ‘मंगळवार’ आणि ‘१४ ऑक्टोबर’ यांतलं काय कापायचं? काहीच नाही. दोन्ही एकच दिवस सांगतात हे खरं, पण ती पुनरुक्ती पहारेकऱ्याचं काम करते. लिहिणाऱ्याच्या हातून १४ चे १५ झाले, तर वार जुळत नाही आणि कुणीतरी विचारतं. चेकवर रक्कम आकड्यांत लिहून पुन्हा अक्षरी लिहितो ती याचसाठी. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्यात, त्याची सोयही आहे: आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षरी रक्कम खरी धरायची. अक्षरी रकमेपुढचा ‘फक्त’ही रिकामटेकडा नाही, तो पुढे कुणाला ‘हजार’ जोडू देत नाही. चूक पकडून देणारी पुनरुक्ती ठेवायची. ‘साफसफाईची स्वच्छता’ कुठलीच चूक पकडत नाही.

उरलं ते असं: ‘मंगळवार, १४ ऑक्टोबरला सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद राहील. टाकी धुणार आहोत. सोमवारी रात्रीच कृपया पाणी भरून ठेवा.’ शब्द २०. शिवाय ‘सहकार्य करावे’ म्हणजे नेमकं काय करावं, तेही आता कळलं. ‘कृपया’ मुद्दाम ठेवलाय. तो माहिती देत नाही, पण तो काढला तर तिसऱ्या मजल्यावरचे काका बोलणं टाकतील. सगळेच बिनमाहितीचे शब्द फालतू नसतात, काही वंगण असतात.

सेक्रेटरींना हे दाखवलं. ते म्हणाले, ‘छान आहे हो, पण हे नोटीस वाटत नाही. वॉचमननं लिहिल्यासारखं वाटतं.’ हे फुगवट्याचं दुसरं कारण. शब्द वाढले की अधिकार वाढतो, असा आपला समज आहे. लग्नपत्रिकेत ‘सविनयपूर्वक’ येतो तो तिथूनच. ‘स’ म्हणजे सह, ‘पूर्वक’ म्हणजेही तेच. विनय एकच, पण दोन्ही बाजूंनी धरून आणलेला.

टीव्हीवर बोलणाऱ्यांचं थोडं वेगळं. ‘त्या ठिकाणी पाऊस पडताना आपल्याला पाहायला मिळतो आहे’ यात पाऊस आणि पडणं सोडून बाकी सगळं वेळकाढूपणा. कानात स्टुडिओ बोलतोय, समोर छत्री उडतेय, पुढचं वाक्य सुचायला तीन सेकंद हवेत. बिचाऱ्या बातमीदाराला माफ करू. पण तेच वाक्य दुसऱ्या दिवशी छापून येतं, तिथे छत्री नसते.

तिसरं कारण मात्र निरुपद्रवी नाही. आमच्या नोटिशीत ‘करण्यात येते’, ‘घेण्यात येणार’, ‘ठेवण्यात येईल’ असं त्रिकूट जमलेलं आहे. ‘आम्ही टाकी धुणार आहोत’ म्हटलं की ‘आम्ही’ कोण ते ठरतं आणि टाकी धुतली नाही तर दार कुणाचं वाजवायचं तेही. ‘काम हाती घेण्यात येणार आहे’ यात हात आहे, माणूस नाही. सरकारी मराठीनं ही कला परिपूर्ण केली. चौकशी करण्यात येईल, कारवाई करण्यात येईल, खड्डे बुजवण्यात येतील. मी यातली वाक्यं आखडून बघितली. ‘खड्डे बुजवू’ इतकं लहान झालं की लगेच विचारावंसं वाटतं: कोण, कधी? ती वाक्यं लांब ठेवण्यामागे आळस नाही, हिशेब आहे. वाक्य सुटसुटीत झालं तर त्यातली रिकामी जागा दिसते.

म्हणून ‘गाईचं गोमूत्र’वाल्याला सोडून द्या, तो कुणाचं नुकसान करत नाही. पुढच्या वेळी ‘लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं पत्र आलं, की त्याच्या खाली दोनच शब्द लिहून ते आवक-जावक बारनिशीत नोंदवून परत पाठवा: ‘कोण? कधी?’