दिलगीरकर

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दिलगीरकर राहतो. दारावरच्या पाटीवर आडनाव वेगळं आहे, हे मी ठेवलेलं. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आणि सध्या घरात दोन शोधमोहिमा एकदम चालू आहेत: नोकरी त्याने शोधायची, मुलगी वडिलांनी. माझा जन्म एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात गेला. पुढे त्या खात्याला एचआर म्हणायला लागले, पण अर्जांचे गठ्ठे तेच राहिले. म्हणून पहिल्या मोहिमेचे कागद तो मला दाखवायला आणतो. दुसरीचेही माझ्यापर्यंत पोचले, ते कसे ते पुढे येईलच.

मुलगा हुशार आहे. पंपाचं बेअरिंग जाणार आहे हे नुसत्या आवाजावरून सांगतो. पण अर्ज करताना हे सगळं कसब कुठे जातं कोण जाणे. रात्री जेवणं झाली की मोबाइल घेऊन बसतो आणि एकाच पत्रावर पाच-सहा कंपन्या उरकतो. पत्र तेच, फक्त नाव बदलायचं. आता असं करण्यात गैर काहीच नाही. उमेदवार दहा ठिकाणी अर्ज करतो हे एचआरला ठाऊक असतं, एचआरवाल्या स्वतःही करत असतात. चूकही सगळ्यांच्याच हातून होते. दिलगीरकराचं वेगळेपण त्यानंतर सुरू होतं. तो माफी मागतो.

गेल्या महिन्यातलीच गोष्ट. चाकणच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअरची जागा निघाली. आधीचं पत्र एका औषध कंपनीसाठी लिहिलेलं होतं. त्याने ‘शोधा आणि बदला’ करून औषध कंपनीचं पूर्ण नाव काढलं, पंपवाल्यांचं घातलं. संगणकाने सांगितलं तेवढंच केलं. पूर्ण नाव जिथे होतं तिथे बदललं. खाली दोन ठिकाणी कंपनीचं आखूड नाव होतं, ते तसंच राहिलं. शिवाय ‘आपल्या गोळ्यांनी लाखो रुग्णांना दिलासा दिला आहे’ हे वाक्यही राहिलं. पंप कंपनीला.

इतक्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, गप्प बस. पण जोडलेली फाइल उघडली की सगळ्यात वर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’. खाली रास, नक्षत्र, नाडी, देवक, मामांचं गाव, अडीच एकर बागायत, आणि शेवटी ‘अपेक्षा: सुशिक्षित, मनमिळाऊ, नोकरी करणारी चालेल.’

हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे. नोकरीच्या फाइलचं नाव Biodata_Final.pdf. लग्नाच्या फाइलचं नाव, वडिलांच्या कृपेने, Biodata_Final(1).pdf. ती त्यांनी त्याच दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर पाठवली होती, ‘फोटो बदलायचा का बघ’ म्हणून, आणि त्याने उतरवून घेतली होती. फोनवर फाइल जोडायला गेलं की अलीकडच्या फाइली आधी दिसतात. सगळ्यात वर बसली होती नवऱ्या मुलाची माहिती. अंगठा तिथेच पडला.

जीमेलने का नाही अडवलं, असं तो मला रागाने विचारत होता. जीमेल अडवतं, पण कधी? तुम्ही मजकुरात फाइल जोडल्याचं इंग्रजीत लिहिलंत आणि काहीच जोडलं नाहीत, तर. काहीतरी जोडलेलं असलं की त्याचं समाधान होतं. त्या फाइलमध्ये अनुभव आहे की नाडी आहे, हे बघणं त्याने आपल्यावर सोडलेलं आहे.

पाठवलेला मेल मागे घेण्याची सोयही आहे. जीमेलमध्ये ती मुळात पाच सेकंदांची असते. सेटिंगमध्ये जाऊन वाढवली तर जास्तीत जास्त तीस. दिलगीरकराला चूक कळली ती पांघरुणात शिरल्यावर, पाऊण तासाने. मग त्याने एका मित्राला उठवलं. मित्र म्हणाला, आउटलुकमध्ये गेलेला मेल परत बोलावता येतो. येतो की. पण पाठवणारा आणि घेणारा दोघेही एकाच संस्थेच्या मेलव्यवस्थेत असले तरच. म्हणजे जिथे नोकरी मागायची तिथे आधी नोकरी पाहिजे.

मग रात्री साडेबारा वाजता पहिली माफी सुटली. ती मी वाचली आहे. पहिल्या परिच्छेदात आई आजारी, दुसऱ्यात लाइट गेलेली, तिसऱ्यात भाच्याने फोन हातात घेतलेला. चौथ्यात ‘मी अत्यंत काटेकोर असून बारीकसारीक गोष्टींकडे माझं लक्ष असतं’. पाचव्यात खुलासा, की अमुक औषध कंपनीचं पत्र चुकून आपल्याकडे आलं, तरी माझी खरी ओढ पंपांकडेच आहे. सहाव्यात विनंती, की लग्नाची माहिती गोपनीय समजावी. आणि सातव्यात ‘योग्य रेझ्युमे सोबत जोडला आहे’. तो जोडला नव्हता. मजकूर मराठी वळणाच्या इंग्रजीत इतका गोल फिरवलेला होता की जीमेललाही पत्ता लागला नाही.

म्हणून पाऊण वाजता दुसरी माफी, पहिलीत फाइल नसल्याबद्दल. एक वाजता तिसरी, कारण पहिल्या दोन्हींत ‘सर’ लिहिलं होतं आणि जाहिरातीत नाव बाईंचं होतं.

मी त्या खुर्चीवर बसलेली बाई आहे, म्हणून दुसऱ्या बाजूला काय दिसतं ते सांगते. सकाळी मेलपेटी उघडली की नवा मेल वर असतो. दिलगीरकराने प्रत्येक माफीला नवा विषय दिला होता, ‘तातडीचे’, ‘अतितातडीचे’, ‘कृपया आधीचे दुर्लक्षावे’. विषय बदलून नवा मेल धाडला की तो आधीच्या अर्जाला चिकटत नाही, वेगळी ओळ धरून बसतो. तेव्हा त्या बाईंना एकाच माणसाच्या चार ओळी दिसल्या असणार. त्या वरून वाचत आल्या असणार. मूळ अर्ज त्यांनी उघडलाही नसेल तोवर त्यातले सगळे दोष तपशीलवार कळले, औषध कंपनीच्या नावासकट. त्या गोळ्यांच्या वाक्यावरून त्यांची नजर कदाचित घसरूनही गेली असती. आम्ही पत्र वाचतो असं उमेदवारांना वाटतं. आम्ही आधी रेझ्युमे उघडतो, आणि पत्र बऱ्याचदा उघडतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो माझ्या दारात. हातात फोन, चौथ्या माफीचा मसुदा तयार.

‘काकू, एकदा नजर टाका. फोन करून पण सॉरी म्हणू का? नंबर काढलाय मी त्यांचा.’

‘फोन ठेव खाली. आणि चहा घे.’

चहा होईपर्यंत मी लिहून दिलं. मेल इंग्रजीतच गेला, पण मजकूर असा होता:

‘नमस्कार मॅडम. मेंटेनन्स इंजिनिअर पदासाठीच्या माझ्या कालच्या अर्जाला चुकीची फाइल जोडली गेली आणि पत्रात दुसऱ्या कंपनीचा उल्लेख राहिला. चूक माझी आहे, क्षमस्व. योग्य रेझ्युमे आणि दुरुस्त पत्र सोबत आहे. रात्रीचे बाकीचे मेल आणि आधीची फाइल कृपया काढून टाकावी.’ खाली नाव आणि मोबाइल नंबर. मूळ अर्जालाच उत्तर म्हणून, त्याच विषयाखाली.

तो बघतच राहिला. ‘एवढंच? आई आजारी होती ते?’

‘आई कशी आहे आता?’

‘बरी आहे. म्हणजे आजारी नव्हतीच तशी.’

कारण लिहिलं की वाचणारी ते खरं की खोटं याचा विचार करायला लागते, आणि त्या विचारात तुमचा रेझ्युमे मागे पडतो. दुसऱ्या कंपनीचं नाव माफीत पुन्हा घ्यायचं नाही; एकदा दिसलं तेवढं पुरे. काटेकोरपणाचा दाखला तर त्या दिवशी द्यायचाच नाही. फाइल काढून टाका ही विनंती मात्र हवी, कारण आत जन्मवेळ होती आणि घरचा पत्ता होता. पगाराची पावती, आधार किंवा आताच्या कंपनीचा एखादा कागद चुकून गेला असता तर ही ओळ मी माफीच्याही आधी घातली असती. आणि एखादं स्पेलिंग चुकलं असेल किंवा स्वल्पविराम राहिला असेल, तर माफी मागायचीच नाही. न दिसलेली चूक दाखवायला आपण कशाला जायचं?

पाठवण्याआधी दोन्ही फाइली मी माझ्या लॅपटॉपवर उघडल्या. रेझ्युमे ठीक. पत्रही ठीक. पण ब्राउजरच्या टॅबवर, अगदी वर, औषध कंपनीचं नाव! दिलगीरकर पांढराफटक पडला. फाइलचं नाव त्याने बदललं होतं, मजकूर बदलला होता, पण वर्डच्या फाइलला आत एक वेगळं शीर्षक असतं. पहिल्यांदा कधीतरी भरलेलं, ते पीडीएफमध्ये तसंच उतरतं आणि कित्येक ब्राउजर फाइलच्या नावाऐवजी तेच दाखवतात. वर्डमध्ये ‘फाइल’, मग ‘इन्फो’, तिथे ‘टायटल’ पुसायचं आणि पीडीएफ पुन्हा काढायची. पुसलं, काढली, पाठवली. मग त्याच्याच ‘सेंट’मधून दोन्ही फाइली पुन्हा उघडून बघितल्या, कारण समोरच्याला काय गेलं ते तिथेच कळतं.

जिना चढता चढता तो मागे वळला. ‘काकू, ते टॅबवरचं नाव आधीच्या सगळ्या कंपन्यांना पण गेलं असेल. त्यांना एकेक छोटंसं सॉरी—’

‘वर जा.’

पंप कंपनीतून अजून फोन आलेला नाही. येईलही, कारण माणूस बेअरिंग ऐकणारा आहे आणि अशी माणसं त्यांना लागतात. हीच जागा कागदपत्रं सांभाळणाऱ्याची किंवा हिशेबनिसाची असती, तर मी इतक्या विश्वासाने म्हटलं नसतं. तिथे योग्य कागद योग्य ठिकाणी जाणं हेच काम असतं, आणि चार ओळींची माफी कितीही नेटकी असली तरी ती ते भरून काढत नाही.

तुमच्या घरातही एखादा दिलगीरकर असेल, तर आज रात्री त्याने फोन हातात घ्यायच्या आत एक काम करा. नोकरीच्या फाइलला आडनाव आणि पदाचं नाव द्या, ‘बायोडेटा’ हा शब्द त्यात ठेवू नका. आणि लग्नाची फाइल वडिलांच्याच फोनमध्ये राहू द्या.