त्रसरेणूचं वजन

खडकवासल्याला धरणाच्या अंगाला एक लहानसं दगडी देऊळ आहे. थंडीत सकाळी त्याच्या पूर्वेच्या झरोक्यातून ऊन आत येतं, पण येताना दिसत नाही. फरशीवर नुसता कवडसा पडलेला असतो, कुणाच्या तरी हातून निसटलेल्या बत्ताशासारखा. मग मावशी केरसुणी घेऊन येतात. चार हात मारतात न मारतात, तोच झरोक्यापासून फरशीपर्यंत उजेडाची तिरपी तुळई उभी राहते. उजेडाला अंग येतं ते केरामुळं! निवळ हवेतला उजेड आपल्या वाटेनं निघून जातो, आपल्याकडे वळूनही पाहत नाही. धुळीचा कण आडवा आला की तो ठेचकाळतो आणि थोडा आपल्या डोळ्यांत सांडतो. तेही बहुतेक पुढच्या अंगाला. म्हणून झरोक्याकडे तोंड करून बसावं. झरोक्याकडे पाठ केली, की तीच तुळई निम्मी विझते.

या कणांना आपल्याकडे फार जुनं नाव आहे, त्रसरेणू. याज्ञवल्क्यस्मृतीत वजनांचा हिशेब सुरू होतो तोच मुळी झरोक्यातल्या उन्हात दिसणाऱ्या रजापासून. ८ त्रसरेणूंची एक लीख, ३ लिखांची एक मोहरी, तशा ३ मोहऱ्यांची एक पांढरी मोहरी, अशा ६ मोहऱ्यांचा एक जव आणि ३ जवांची एक गुंज. कवडशातून निघून उवेच्या अंड्यावरून थेट सोनाराच्या ताजव्यात! मी एकदा देवळातच बसून गुणाकार केला. १२९६ त्रसरेणूंची गुंज झाली. ९६ गुंजांचा तोळा धरला, तर एक त्रसरेणू जेमतेम दशांश मिलिग्रॅमचा भरतो. ऐकायला नाजूक वाटतं, पण एवढ्या वजनाचा दगडी कण वाळूच्या खड्याएवढा होईल आणि तरंगायचं सोडून टपकन खाली पडेल. खरा तरंगणारा कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे या हिशेबाच्या कणाहून हजारो पट हलका. पण त्या काळी त्याला तोलणार कशात? डोळ्याला दिसतं त्याला वजन असणारच, एवढ्या विश्वासावर कुणीतरी त्याला ताजव्यात बसवलं. मला त्या माणसाची माया वाटते. सोनं मोजायला निघाला आणि उन्हात रमला.

असा कण अगदी स्तब्ध हवेत सेकंदाला तीनेक मिलिमीटर उतरतो. दहा फुटांवरून फरशी गाठायला त्याला पाव तासाहून जास्त लागतो. पण हवा स्तब्ध असते कुठे? कवडशानं तापलेल्या फरशीवरून ऊब वर निघते आणि उतरत आलेल्या कणाला पुन्हा वर नेऊन सोडते, माहेरहून निघालेल्या लेकीला आई दारातून परत बोलावते तशी. त्याहून बारीक कण तर संध्याकाळपर्यंत खाली येत नाहीत.

म्हणजे मावशी जे झाडतात, त्यातलं बरंचसं जागेवरून उठून हिंडून परत तिथंच येऊन बसतं. हे मी त्यांना एकदा, जरा चाचरतच, सांगून पाहिलं.

“ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर रोज यावं लागतं. पाय वर घ्या.”

मी पाय वर घेतले. तुळई पुन्हा उजळली.