पाचवं खोकं

परीक्षा पास झाल्यावर पेढे वाटायचे असतात, एवढी रीत मलाही कळते. मी ते परीक्षेच्या आधी खाल्ले. पाच खोकी. आणि तेही अभ्यास म्हणून.

झालं असं, की पदवीशिवाय पतसंस्थेतली पुढची खुर्ची मिळायची नाही हे कळल्यावर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी बहिःस्थ अभ्यासक्रमाला नाव घातलं. पहिलाच पेपर मार्केटिंगच्या मूलतत्त्वांचा. पुस्तक वर्षभर उशाशी होतं आणि झोपेला त्याचा फार आधार होता. परीक्षा दोन आठवड्यांवर आली तेव्हा मात्र मी जाहीर केलं, की आता अभ्यास शास्त्रशुद्ध होणार.

शास्त्र कुणाचं, तर सेबास्टियन लाइटनर या जर्मन माणसाचं. १९७२ साली त्याने शिकावं कसं यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात कार्डांच्या पेटीची युक्ती सांगितली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की ते दुसऱ्यात सरकवायचं, पुन्हा आलं की तिसऱ्यात, आणि चुकलं की कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पुढचा कप्पा जास्त दिवसांनी उघडायचा. येतं त्यावर वेळ घालवायचा नाही, येत नाही ते रोज समोर आणायचं. मी अंतरं ठरवली एक, दोन, चार, आठ आणि सोळा दिवस. कप्पे झाले पाच.

आता साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला एकाच मापाची पाच खोकी हवी असतील तर तो कुठे जाणार? कंदी पेढ्यांचं अर्धा किलोचं खोकं कार्डांसाठी अगदी मापात होतं. पहिल्या दिवशी एक आणलं, नंतर दोन, नंतर आणखी दोन. "निकाल लागला की काय?" हिने विचारलं. मी म्हटलं, "साहित्य गोळा करतोय."

मग अख्खा रविवार वेळापत्रकात गेला. ड्रॉइंग पेपर, पट्टी, सहा रंगांची स्केचपेनं. चौदा दिवस, एकशे चाळीस कार्डं, रोज नवी दहा. भागाकार असा सुटसुटीत सुटला, की बाकी शून्य बघूनच अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटलं. कागद फ्रिजवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. दूधवाल्यालाही.

चौथ्या दिवशी अकरावीतली लेक पाण्याची बाटली काढायला आली आणि फ्रिज उघडायचं सोडून कागदच वाचत बसली.

"बाबा, पाचव्या खोक्यात पहिलं कार्ड कधी जाणार?"

"ते सगळ्यात पक्क्यांचं खोकं. जाईल हळूहळू."

"कधी?"

तिने बोटावर मोजून दाखवलं. पहिल्या दिवशी केलेलं कार्ड एकदाही चुकलं नाही असं धरू. दुसऱ्या दिवशी विचारलं, दुसऱ्या खोक्यात गेलं. दोन दिवसांनी, म्हणजे चौथ्या दिवशी, तिसऱ्यात. चार दिवसांनी, आठव्या दिवशी, चौथ्यात. त्यापुढे आठ दिवस थांबायचं, म्हणजे सोळावा दिवस. परीक्षा पंधराव्या दिवशी. चौथ्या खोक्यात गेलेलं कार्ड परीक्षेआधी बाहेरच येणार नव्हतं आणि पाचव्यात तर काही पोचणारच नव्हतं. "आणि चौदाव्या दिवशी जी दहा नवी कार्डं करणार, ती विचारणार कधी? रिक्षात?"

लाइटनरची काही चूक नव्हती. त्याची पेटी महिनोन्‌महिने शिकणाऱ्यासाठी. मी तिला दोन आठवड्यांत कोंबत होतो. चौथं आणि पाचवं खोकं, म्हणजे एकूण एक किलो पेढे, शास्त्राच्या दृष्टीने फुकट गेले होते.

लेकीने लाल स्केचपेन उचललं. खोकी तीनच. नवी कार्डं नवव्या दिवशी बंद. कार्डं एकूण नव्वद, बाकीच्या पन्नासांवर पाणी सोडायचं. आणि चौदाव्या दिवशी तिन्ही खोकी ओतून सगळी एकदा विचारायची. कार्डाला अर्धा मिनिट धरलं तर पाऊण तास. या हिशेबात नवव्या दिवशीचं कार्डसुद्धा दहाव्या, बाराव्या आणि चौदाव्या दिवशी, असं तीनदा भेटत होतं. माझा कागद विद्रूप झाला, पण बेरीज जमली.

तरी पहिलं खोकं फुगायचं थांबेना. झाकण बसेना म्हणून मी रबरबँड लावला. लेकीने तो काढून वरचंच कार्ड उचललं. प्रश्न होता, 'अ‍ॅन्सॉफ मॅट्रिक्स'. एवढाच. मागे माझ्या अक्षरात सतरा ओळी, शेवटच्या तीन कडेने उभ्या.

"सांगा."

"चार प्रकार. मार्केट पेनिट्रेशन... आणि डायव्हर्सिफिकेशन. मधले दोन ओठांवर आहेत." मी कार्ड उलटलं. "हां, हेच म्हणणार होतो." आणि ते अलगद दुसऱ्या खोक्यात सरकवलं.

तिने ते पुन्हा पहिल्यात टाकलं. माझा खरा आजार हा होता. उत्तर पाहिल्यावर ओळखीचं वाटणं मी उत्तर येण्यात जमा धरत होतो. रस्त्यात भेटल्यावर चेहरा ओळखणं वेगळं आणि फोनवर त्याचं नाव सांगणं वेगळं. शिवाय सतरा ओळींचं कार्ड कधी पूर्ण येतही नाही आणि पूर्ण चुकतही नाही, त्यामुळे ते कुठे टाकायचं हे माझी लबाडी ठरवायची. मग नियम झाला: आधी उत्तर मोठ्याने बोलायचं, मगच उलटायचं, आणि एका कार्डावर एकच प्रश्न.

अ‍ॅन्सॉफची चार कार्डं झाली आणि प्रश्नही बदलले. व्याख्या पाठ होती, पण पेपरात उदाहरण देऊन 'हे कोणतं धोरण' असं विचारलं की मी गारठायचो. १९५७ साली इगॉर अ‍ॅन्सॉफने मांडलेलं कोष्टक तसं साधं आहे: माल जुना की नवा, बाजार जुना की नवा. समोर खोकी होतीच. तेच पेढे साताऱ्याबाहेर नेऊन नागपुरात विकले, तर कोणतं? मार्केट डेव्हलपमेंट. साताऱ्याच्याच गिऱ्हाइकाला बिनसाखरेचा पेढा काढला? प्रॉडक्ट डेव्हलपमेंट. पेढेवाल्याने नागपुरात छत्र्या विकायला घेतल्या? डायव्हर्सिफिकेशन, आणि देव त्याचं भलं करो.

"आणि तेच पेढे, तोच सातारा, पण त्याच माणसाच्या गळ्यात आणखी मारले तर?" लेकीने विचारलं.

मी पाचही खोक्यांकडे पाहिलं. मार्केट पेनिट्रेशन. हे कार्ड पुन्हा कधी चुकलं नाही.

पेपरात अ‍ॅन्सॉफ आला. दहा गुणांना. मी पेढ्यांवर असा काही सुटलो, की पुरवणी घेतली, नागपूरची बाजारपेठ सविस्तर वर्णिली, छत्र्यांच्या पावसाळी खपाचा प्रश्न उपस्थित केला. भान आलं तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती. शेवटचा प्रश्न उत्पादनाच्या जीवनचक्रावर होता, त्याची सहा कार्डं तिसऱ्या खोक्यात कडक पाठ होऊन बसली होती, आणि मी जेमतेम चार टप्प्यांची नावं लिहितोय तोच बाईंनी पेपर ओढला.

बावन्न मिळाले. पास. संध्याकाळी पेढ्यांच्या दुकानात गेलो तर मालकांनी न विचारताच अर्धा किलोचं खोकं काट्यावर ठेवलं.

"साहेब," त्यांनी पेढे भरता भरता विचारलं, "आता कुठला विषय?"