टँकरची पावती शोधून दाखवा

सोसायटीच्या खजिनदारांनो, पावत्या मोबाइलवर स्कॅन करता ते चांगलंच आहे. पण 'सर्चेबल पीडीएफ' या शब्दांवर डोळे झाकून विसंबू नका.

स्कॅन करणारं ॲप पानाचा फोटो काढतं आणि त्यात वाचता आलेल्या अक्षरांचा एक न दिसणारा थर त्यावर चढवतं. शोध लागतो तो त्या थरात. फुकट मिळणारं अडोबी स्कॅन इंग्रजी छपाई उत्तम वाचतं, पण त्याच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानाचं छापील बिल चटकन सापडतं आणि डोंबिवलीच्या टँकरवाल्यानं कार्बन ठेवून खरडलेली पावती काही केल्या सापडत नाही. गूगल ड्राइव्हवरची पीडीएफ संगणकावर गूगल डॉक्समध्ये उघडली, तर छापील मराठी बऱ्यापैकी वाचली जाते. हस्ताक्षराची मात्र खात्री नाही. पावतीपुस्तकाची आखीव रेघ आणि अक्षरांची शिरोरेघ एकमेकींत मिसळतात, घाईतला १ हा ९ सारखा दिसतो आणि रक्कमच बदलते.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. पीडीएफ उघडा, शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर तो कॉपी करून दुसरीकडे चिकटवा आणि काय उमटतं ते वाचा. निवडलाच गेला नाही, तर तुमच्याकडे नुसता फोटो आहे.

मग हातानं लिहिलेली पावती शोधायची कशी? फाइलच्या नावानं. समजा, १४ जुलै २०२५ ला २४०० रुपयांचा टँकर आला आणि व्हाउचर ५७ नंबरचं आहे. तर नाव असं द्या:

`2025-07-14_टँकर_2400_व्ह57`

वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप तारखेनुसार लागतात, आणि 'टँकर' टाइप केलं की वर्षभराचे टँकर एकाखाली एक येतात. नाव त्याच दिवशी द्या. मार्चअखेरीला दोनशे पावत्यांना नावं देत कोणी बसत नाही.

कार्बनची निळी अक्षरं फिकट असतात. ॲपचा काळा-पांढरा फिल्टर ती पुसतो आणि शिक्काही खातो, म्हणून रंगीतच ठेवा. पेट्रोल पंपाची किंवा मॉलची चकचकीत पावती थर्मल कागदाची असते. उष्णतेनं आणि उजेडानं तिची छपाई उडते, ती घरी आल्याआल्या स्कॅन करा.

आणि फाइली ॲपच्या पोटात ठेवू नका, फोनच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या. ॲप कधी बंद होईल याचा भरवसा नाही: घराघरांत वापरल्या जाणाऱ्या कॅमस्कॅनरवर २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं एका आदेशानं बंदी घातली होती.

स्कॅन झालं म्हणून मूळ पावती फाडू नका. ऑडिटर व्हाउचरला जोडलेला कागदच मागतो.