सोळा चुका, आणि सतरावी माझी

पत्र चार पानांचं झालं. विद्यार्थिनीने लिहून आणलेलं ध्वनिलेखन सहा पानांचं होतं, त्यावर चार पानांचा अभिप्राय म्हणजे जेवणापेक्षा बडीशेप जास्त. पण त्या दिवशी मला स्वतःचं लेखन फार आवडत होतं. पहिल्याच परिच्छेदात मी ग्रिअर्सनला बोलावलं. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड 1905 सालचा. पण निजामाचं राज्य त्या पाहणीबाहेर राहिलं, म्हणजे आमचं शहागडही राहिलं. ‘तेव्हा, मुली, तू ऐकतेस ते साहेबानेसुद्धा ऐकलेलं नाही,’ असं मी लिहिलं आणि ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं.

खरं म्हणजे ती शहागडला गेली ती माझ्यामुळेच. बोलींच्या अभ्यासाला एक म्हातारं माणूस हवं होतं, मी माझी आत्या दिली. वय एक्क्याऐंशी, दात मोजके, आवाज खणखणीत. 2006 च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून पाणी सोडलं आणि गोदावरी गावाच्या अंगावर आली, ती हकिकत आत्याने अकरा मिनिटं सांगितली. ती ऐकून जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच काम. एका मिनिटाच्या बोलण्याला अर्धा तास लागतो, हे मी वर्गात आधीच सांगून ठेवलेलं असतं. कोणी विश्वास ठेवत नाही.

पत्रातली मुख्य तक्रार ‘व’ची होती. आत्या म्हणते ‘इहीर’, मुलगी लिहिते ‘विहीर’. आत्या म्हणते ‘येशीपतूर पानी’, मुलगी लिहिते ‘वेशीपर्यंत पाणी’. ‘येळ’ची तर प्रत्येक वेळी ‘वेळ’ केलेली. असे अकरा मिनिटांत सतरा शब्द होते. मुलीला वाटलं असणार, आजी अशुद्ध बोलतात, आपण जरा नीट करून देऊ. पाहुण्याच्या घरी पाटावर बसण्याआधी पाट पुसून घ्यावा, तसं.

पण आत्याच्या तोंडात ‘वारा’ ‘वारा’च राहतो, ‘वाडा’ ‘वाडा’च राहतो. ‘व’ पळतो तो फक्त ‘इ’ आणि ‘ए’च्या आधी. हे स्वर काढताना जीभ पुढे येते, ओठ फाकतात. ‘व’ला दात-ओठ जवळ आणावे लागतात. दोघांचं जमत नाही, मग ‘व’ विरतो नाहीतर ‘य’ होतो. उलट, शब्द ‘ओ’ने सुरू झाला की ओठ गोल असल्याने ‘व’ आपण होऊन येऊन बसतो: ओढ्याचा ‘वढा’, ओट्याचा ‘वट्टा’, ओळखीची ‘वळख’. म्हणजे एका दाराने गेलेला दुसऱ्या दाराने परत. एवढा शिस्तशीर नियम आत्या भाकरी थापता थापता पाळते, आणि त्याची खूण मुलीने दुरुस्त करून पुसून टाकली. तिच्या कागदावरून कोणी बोलीचा अभ्यास केला तर शहागडचे लोक सदाशिव पेठेत राहतात असा निष्कर्ष निघेल.

(सदाशिव पेठ तरी कुठे ‘एक’ म्हणते? कान देऊन ऐका, ‘येक’च म्हणते. असो.)

आता गावाच्या नावाबद्दल सांगतो. पत्रातही मी ते सांगितलं, दीड पान. बीडहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना गेवराई सुटली की कंडक्टर उठतो. गोदावरीचा पूल यायच्या आत तो ओरडतो, ‘शाऽगड, शागड, शागड!’ पहिला ‘शा’ लांब, बाकीचे दोन घाईत. तीस-चाळीस वर्षं मी हे ऐकतो आहे; कंडक्टर बदलले, गाड्यांचे रंग बदलले, तिकिटाच्या पेटीच्या जागी यंत्र आलं, पण ‘ह’ काही कोणी लावला नाही. का लावावा? दोन स्वरांच्या मधला ‘ह’ मराठीत कधी टिकला आहे? पाहिजेचं ‘पायजे’, राहिलाचं ‘रायला’, शहाण्याचा ‘शाना’, तर शहागडचं ‘शागड’. नियम तोच. गडाच्या ‘ड’मागचा ‘अ’ही कंडक्टर उच्चारत नाही, आमची मुलगी मात्र तो प्रत्येक शब्दाच्या शेवटी इमानेइतबारे दाखवत होती. मला तर वाटतं, विद्यापीठांनी ध्वनिशास्त्राच्या तोंडी परीक्षेला एस. टी.चे कंडक्टर बसवावेत. नदी ओलांडताना इंजिनाच्या आवाजावर कुठला वर्ण टिकतो आणि कुठला टाकून द्यायचा, हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? ‘शहागड’ म्हणून ओरडून पाहा. ‘ह’पाशी श्वास सांडतो आणि मागच्या बाकापर्यंत काही पोचत नाही. ‘शागड’ मात्र थेट झोपलेल्याच्या कानात शिरतं. आणि गंमत अशी, की पुण्यात कोणी गाव विचारलं तर मी ‘श-हा-गड’ असं सांगतो, ‘ह’वर एवढा जोर देऊन की ऐकणाऱ्याच्या चष्म्यावर वाफ यावी. हे शेवटचं वाक्य अर्थात पत्रात नव्हतं.

दुसरी तक्रार ‘च’ची. ‘चार दिवस चारा नव्हता’ या वाक्यात दोन वेगळे ‘च’ आहेत. ‘चार’मधला जीभ टाळूला लावून, ‘चारा’मधला दातांमागून. लिपीत दोघांना एकच अक्षर, म्हणून मुलीने एकच लिहिला. दुसऱ्याखाली नुक्ता द्यायचा, ‘च़ारा’. मी वर्गात तीनदा सांगितलं होतं. त्यावर पत्रात पाव पान. हे ती सुधारेल.

मग मला एक हिरा सापडला. सतरा ठिकाणांपैकी सोळा चुकली होती, एक बरोबर होतं. पुरात बैल सोडवताना आत्या म्हणते, ‘येसन तोडली.’ मुलीने लिहिलं होतं, ‘येसन’. ‘य’ही बरोबर, ‘ण’चा झालेला ‘न’ही बरोबर. समासात प्रश्नचिन्ह, ‘अर्थ कळला नाही’. वेसण म्हणजे बैलाच्या नाकातली दोरी, हे शहरातल्या मुलीला कुठून माहीत असणार? शब्द माहीत नव्हता, म्हणून कानाने काम केलं. बाकी सोळा शब्द माहीत होते. तिथे कान उघडायच्या आधीच शाळेच्या पुस्तकाने उत्तर देऊन टाकलं. मी पत्रात मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘जो एकच शब्द तुला समजला नाही, तोच तू ऐकलास.’ या वाक्यानंतर मी उठून चहा करून घेतला.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहायची पाळी आली नसती. पण मी पत्रासोबत नमुना जोडला. पहिल्या दोन मिनिटांचं, माझ्या हातचं आदर्श ध्वनिलेखन. आत्याचा आवाज, माझा कान, चूक होणार कुठे?

तिसऱ्या दिवशी मुलीचं उत्तर आलं. तीन ओळी. ‘सर, तुमचं म्हणणं पटलं, सोळाही शब्द पुन्हा ऐकले. एक शंका आहे. तुमच्या नमुन्यात पहिल्याच वाक्यात “येळ” आहे. मला तिथे खरंच “वेळ” ऐकू येतंय. माझी सवय असेल, पण बघाल का?’

बघायचं काय त्यात? तरी तिला तोंडघशी पाडावं म्हणून मी संगणकावर Praat उघडलं. आवाजाचं चित्र काढून देणारी ही प्रणाली. शब्द कापला, सुरुवातीचा सेकंदाचा दहावा भाग वेगळा काढला. बाकीचा शब्द नसला की अर्थ मदतीला येत नाही, उरतो तो नुसता आवाज. चित्रात आडवे काळे पट्टे दिसतात. बघायचा तो खालून दुसरा. ‘य’ असेल तर तो सुरुवातीपासूनच वर, 2000 हर्ट्झच्या आसपास असतो. ‘व’ असेल तर बराच खाली सुरू होऊन ‘ए’कडे चढत जातो.

पट्टा खालून चढत होता.

मी हेडफोन बदलले. पट्टा चढतच होता. स्वच्छ, दात-ओठांचा, पाठ्यपुस्तकी ‘व’. ‘बस बाळा, थोडा वेळ लागंल सांगायला.’ त्याच वाक्यातल्या ‘लागंल’ला हात न लावता आत्याने ‘वेळ’ तेवढा घासूनपुसून ठेवला होता. पुढे हकिकतीत पाणी चढलं तशी ती विसरली आणि तिसऱ्या मिनिटापासून सगळं ‘येळ’. माणसाला कळलं की आपलं बोलणं टिपलं जातंय, की ते बदलतं. विल्यम लबॉव या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने मांडलेला हा पेच मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहितो. मुलीने पुस्तकातलं ऐकलं होतं आणि मी माझ्या आठवणीतलं. आत्याचं कोणीच ऐकलं नव्हतं.

पण हा ‘व’ तिच्याकडे आला कुठून? शाळेत ती गेली नाही.

1988 ची दिवाळी. मी पुण्यात पहिल्या वर्षाला होतो, ‘येळ’वरून वसतिगृहात यथेच्छ हसून घेतलं होतं लोकांनी, आणि मी नुकताच शुद्ध झालो होतो. सोबत दोन मित्र आणले होते. वट्ट्यावर सगळे बसलेले, आत्या म्हणाली, ‘यायला लई येळ केला रं.’ मी मित्रांदेखत म्हणालो, ‘आत्या, येळ नाही, वेळ. म्हण बघू.’ तिने म्हटलं. हसत म्हटलं, दोनदा म्हटलं. फराळाचं ताट आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पुढे मी ही गोष्ट विसरलो. तिने मात्र तो ‘व’ सांभाळून ठेवला, पुण्याचं कोणी आलं की काढायला, चांगल्या लुगड्यासारखा.

मी मुलीला उत्तर लिहिलं, एका ओळीचं. तिचं बरोबर होतं. नमुना रद्द करून तिचीच दोन मिनिटं दप्तरी लावली.

रात्री शहागडला फोन केला. सांगायचं काय ते ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, आत्या, त्या मुलीपाशी तू ‘वेळ’ का म्हणालीस? पलीकडे तवा वाजला. ‘काय की बाबा. पोरगी ग्वाड हाय. आता ठिव, मला येळ न्हाई.’

फोन रेकॉर्डवर नव्हता.