मामा म्हणे देवा

भाचीला बेंगळुरूत पहिली नोकरी लागली आणि ताईने फर्मान काढलं, “तू लिहितोस ना काहीबाही? पोरीसाठी एक प्रार्थना लिहून दे.” काहीबाही लिहिणाऱ्याला असा मान क्वचितच मिळतो, म्हणून मी थेट मोठ्या अभंगालाच हात घातला. नियम सोपा वाटतो: चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. लघु-गुरूची भानगड नाही, जोडाक्षर कितीही लठ्ठ असलं तरी ते एकच. ‘बेंगळुरू’ची अक्षरंही मोजून चार, चौथ्या चरणात मुक्कामालाच आल्यासारखी! मी खूश होऊन चहा मागवला.

मग ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत असल्याचं कळलं. ‘क्ट्रॉ’ला एक धरूनही सात. कंपनीने जागा बदलावी, असं ताईला सुचवून पाहिलं. तिने चहाचा कप उचलून नेला. ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ तर आठ भरलं. पण लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण असतात आणि शेवटी यमक असतं, हे आठवून मी तिकडे पळालो:

मालक दे देवा असा
जो देई परत पैसा

माझ्या मते हे उत्तम जमलं होतं. पण डिपॉझिटचा आकडा ऐकून भाचीने फ्लॅटचा नाद सोडला आणि पीजी ठरवला, त्यामुळे मालक, पैसा आणि देव तिघेही बाद झाले. पुन्हा मोठा अभंग. कीर्ती, वैभव, उत्कर्ष असं काय काय मागून झालं, तेव्हा भाची खांद्यावरून डोकावत म्हणाली, “मामा, आधी पाण्याचं बघ. टँकर आला नाही तर आंघोळ न करता कसली कीर्ती?” म्हणून मग:

पीजीतले पाणी
वेळेवर यावे
घर आठवावे
रविवारी

“रविवारीच का?” ताईचा आवाज चढला. बाकीच्या वारांत अक्षरं कमी पडतात, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. शुक्रवारही चारच भरतो, हे भाचीने बोटांवर मोजून दाखवलं. ही मुलगी आकडेमोडीच्या नोकरीला निघाली होती, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफतात. ‘मामा म्हणे’ ही चार अक्षरं, वर ‘देवा’ची दोन, जन्मात पहिल्यांदाच माझं काहीतरी हिशेबात चोख बसलं:

मामा म्हणे देवा
पोरीला सांभाळ
कुकरात डाळ
करपो ना

ताईने पदर डोळ्यांना लावला. भाची म्हणाली, “मामा, पीजीत स्वयंपाक करायला बंदी आहे.”

मी म्हटलं, “असू दे. यमक जुळलंय.”