माठाला घाम, समितीला घोर

धडा होता पाण्याच्या अवस्थांचा. इंग्रजीत साडेतीन पाने. मराठीत आणायला समिती नेमली पाच जणांची, म्हणजे पानांपेक्षा माणसे जास्त. समितीचे नाव विचारू नये. ती काल्पनिक आहे, पण तिच्या बैठकीतला चहा प्यायलेली माणसे महाराष्ट्रात बरीच सापडतील.

पहिला दिवस सुरळीत गेला. वितळणे, उकळणे, गोठणे ही क्रियापदे घरचीच. गोठण्याच्या तापमानाला ‘गोठणांक’ म्हणावे यावर वाद झाला नाही. खरे तर व्हायला हवा होता, कारण ‘गोठण’ अस्सल मराठी आणि ‘अंक’ संस्कृत. अशा मिश्रविवाहाला शुद्धतेचे कैवारी एरवी मांडवात पाऊल ठेवू देत नाहीत. पण लग्न फार पूर्वी लागून गेलेले, मुलेबाळेही झालेली, त्यामुळे सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी वाफेचे पाणी झाले आणि समितीचेही.

वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, या क्रियेला स्वयंपाकघरात एका शब्दाचे नाव नाही. तूप थिजते, दूध नासते, पाक घट्ट होतो. वाफेचे मात्र नुसते ‘पाणी होते’. कुकरच्या झाकणाखाली रोज घडणारी गोष्ट, पण तिला नाव द्यावे असे कोणाच्या मनात आले नाही. मग ते काम विज्ञानाकडे आले. विज्ञानाच्या पुस्तकांनी ‘संघनन’ घेतले. भूगोलाच्या पुस्तकांत त्याच क्रियेला ‘सांद्रीभवन’ म्हणतात. सहावीतल्या मुलाच्या दप्तरात ही दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी असतात. तासाची घंटा झाली की तीच वाफ आपले नाव बदलून दुसऱ्या विषयात शिरते.

“एकच शब्द ठेवू,” विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या. “जरूर, सांद्रीभवन ठेवू,” भूगोलाचे सर म्हणाले. भाषातज्ज्ञांनी चष्मा पुसला. सांद्र म्हणजे दाट. हिंदी विज्ञानात ‘सांद्र’ हे कमी पाणी मिसळलेल्या आम्लाचे विशेषण आहे, त्या आम्लाला मराठीत ‘संहत’ म्हणतात. तेव्हा हिंदी पुस्तकही चाळणाऱ्या मुलाला ‘सांद्रीभवन’ म्हणजे आम्ल दाट करणे वाटू शकते. बरे, ‘संघनन’ घ्यावे तर त्यात ‘घन’ बसलेला. घन म्हणजे टणक, भरीव. वर्गात हमखास एक मुलगा सांगतो, “सर, संघनन म्हणजे वाफेचा बर्फ.” त्याला चूक म्हणणे कठीण; त्याने शब्दाची फोड शिस्तीत केली आहे, चुकली आहे ती फक्त पदार्थाची अवस्था.

शेवटी ‘संघनन’ जिंकला, आणि त्याला जिंकवले त्याच्या नातलगांनी. परिभाषा निवडताना शब्द एकटा पाहून चालत नाही, त्याचे गोत पाहावे लागते. संघनन होते, वाफ संघनित होते, ज्या नळीत होते तो संघनक. सांद्रीभवनाचे ‘सांद्रीभूत’ होईल, पण उपकरणाला काय म्हणणार? ‘सांद्रीभावक’ म्हटले तर ते नाट्यशास्त्रातले पात्र वाटेल. भूगोलाच्या सरांनी हार मान्य केली आणि भूगोलाचे पुस्तक वेगळ्या समितीकडे असल्याचे नम्रपणे लक्षात आणून दिले.

तेवढ्यात दव पडले. हवा ज्या तापमानाला बाष्पाने संपृक्त होते आणि त्याखाली दव जमू लागते, त्या तापमानाचे नाव ठरवायचे होते. इंग्रजीतल्या ‘पॉइंट’ला ‘बिंदू’ हा सरळ प्रतिशब्द. झाला ‘दवबिंदू’. फक्त हा शब्द कवींनी आधीच गवताच्या पात्यावर ठेवलेला होता. “आज दवबिंदू 24 अंश आहे,” असे म्हटले की ऐकणारा थेंबाला थर्मामीटर लावू लागतो. म्हणून बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात ‘दवबिंदू तापमान’ असे लिहिलेले असते. ही शेपटी काहींना खुपते, पण तिच्यामुळेच थेंब थेंबाच्या जागी राहतो आणि तापमान तापमानाच्या. चार अक्षरे वाचवण्यासाठी ती छाटणाऱ्या संपादकाला वर्षभर दवात उभे करावे.

इथपर्यंत चुका शब्दांच्या होत्या. मग समितीला स्थानिक संदर्भाची आठवण झाली.

मूळ धड्यात थंड सोड्याची बाटली होती, तिच्या बाहेर पाण्याचे थेंब जमत होते. “सोडा कशाला? आपला माठ घ्या,” अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांना भरून आले. माठही बाहेरून ओला असतो, गार असतो आणि मराठी असतो. वाक्य तयार झाले: ‘माठाच्या बाहेर संघननामुळे पाणी जमते.’ व्याकरण निर्दोष, परिभाषा प्रमाणित, आणि विज्ञान नेमके उलटे.

माठाबाहेरचे पाणी हवेतून आलेले नसते, ते आतूनच पाझरलेले असते. मातीच्या बारीक छिद्रांतून ते बाहेर येते, त्याचे बाष्पीभवन होते आणि त्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता माठातून जाते, म्हणून आतले पाणी गार होते. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याला छिद्रेच नाहीत. त्याच्या बाहेरचे थेंब हवेतल्या बाष्पाचे, कारण पेल्याचा पृष्ठभाग दवबिंदू तापमानाच्या खाली गेलेला असतो. एकीकडे पाण्याचे बाष्प, दुसरीकडे बाष्पाचे पाणी. दोघेही ओले, एवढीच ओळख.

हे पकडले शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी, आणि तेही कोश न उघडता. त्या म्हणाल्या, “अहो सर, नागपूरच्या मे महिन्यात माठ सर्वांत छान चालतो, आणि मुंबईच्या जुलैत त्याच्यात पाणी नुसते बसून राहते. संघनन असते तर उलटे नसते का झाले?” कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते, दमट हवेत ते मंदावते, पण त्याच हवेत बर्फाचा पेला मात्र न्हाऊन निघतो. शंका असेल तर पेल्यात कोकम सरबत ओतावे आणि बाहेरचा थेंब चाखावा. तो गोड लागत नाही, लालही नसतो. अध्यक्षांनी पेला मागवला. समितीच्या कामकाजातला हा एकमेव प्रयोग.

माठ गेला, पेला आला. मग ‘एकसमान परिभाषा’ या नावाखाली संगणकावर शोधा-आणि-बदला चालवण्यात आले आणि ‘कंडेन्सर’ दिसेल तिथे ‘संघनक’ बसला. पुढच्या एका विजेच्या धड्यातल्या पंख्यातही बसला. पंख्यातला कंडेन्सर विद्युतप्रभार साठवतो, त्याचा वाफेशी काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांतच दोघांचे नाव एक होते, आणि दुरुस्तीच्या दुकानात ते अजून आहे. इलेक्ट्रिशियनला “पंख्याचा संघनक गेला” असे सांगितले तर तो बहुधा प्लंबरचा नंबर देईल.

पण सगळेच संस्कृत शब्द अडतात असे नाही. पुस्तकांनी नायट्रोजन, फॉस्फरस स्वीकारून बराच काळ झाला. मूलद्रव्यांची आणि एककांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवावीत, हे धोरणही शहाणपणाचे. पण कृषी केंद्राच्या फळ्यावर आणि शेतकऱ्याच्या तोंडी नत्र, स्फुरद, पालाश हेच आहेत, कारण ते एकरी किती किलो टाकायचे हे हिशेबाने ठरवावे लागते. जो शब्द रोज वापरावा लागतो तो जिभेला जड राहत नाही. ‘संघनन’ वर्षातून एकदा, तेही प्रश्नपत्रिकेत भेटते.

प्रश्नपत्रिका अर्थातच तिसऱ्या समितीने काढली. प्रश्न होता: ‘सांद्रीभवन म्हणजे काय? माठाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.’ गुण दोन. तपासनिसांना सूचना अशी की संघनन किंवा सांद्रीभवन, काहीही लिहिले तरी गुण द्यावेत. पेल्याचे उदाहरण दिल्यास अर्धा गुण कापावा.